दोन टक्के, चार टक्के

जर्मनीत लहान मुलांच्या तापावरचं आयबुप्रोफेनचं पातळ औषध दोन ताकदींत मिळतं, दोन टक्के आणि चार टक्के. कंपनी एकच, खोकीही जवळपास सारखीच. फरक तेवढा कोपऱ्यातल्या एका आकड्यात. दुकानात दिवसाउजेडी तो दिसतो. रात्री तापलेलं पोर कडेवर असताना तो सहज नजरेतून सुटतो.

नुकतीच स्टुटगार्टला राहायला गेलेल्या एका आईची गोष्ट घ्या. जानेवारीतली रात्र, अडीच वाजलेले. नवरा कामानिमित्त दुसऱ्या शहरात, दीड वर्षाच्या मुलाला 39 च्या वर ताप. सांगलीत सकाळचे सात वाजलेले, म्हणून तिने आईला फोन लावला.

"अगं, चमचाभर दे. तुला लहानपणी तेच द्यायचे," आई म्हणाली.

"आई, थांब. इथलं वेगळं दिसतंय."

सांगलीच्या हिशेबाने आईचं बरोबरच होतं. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत 5 मिलीत 100 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं; जर्मनीतलं दोन टक्क्यांचं औषधही तेवढ्याच ताकदीचं. पण हिच्या हातात चार टक्क्यांची बाटली होती. चार टक्के म्हणजे 100 मिलीत 4 ग्रॅम, म्हणजेच 1 मिलीत 40 मिलिग्रॅम. चमचाभर दिलं असतं तर पोटात 200 मिलिग्रॅम गेलं असतं, हवं त्याच्या दुप्पट.

तिने खोक्यातली घडीची चिठ्ठी उलगडली. भाषा कळत नसली तरी मात्रेचा तक्ता ओळखता येतो, कारण त्यात किलो आणि मिली असतात. मूल 11 किलोचं होतं; 10 ते 15 किलोच्या ओळीत मात्रा होती '2,5'. हा स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह. म्हणजे अडीच मिली, पंचवीस नव्हे. तिने ताळाही करून पाहिला: अडीच गुणिले चाळीस, शंभर मिलिग्रॅम. जमलं.

मग बाटली चांगली हलवली. औषध तळाशी बसतं, न हलवता ओतलं तर आधी पातळ आणि शेवटी दाट मात्रा जाते. स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवून खोक्यातल्याच पिचकारीने मोजलं. पण त्याआधी एक पाहिलं: पोराला उलट्या-जुलाब नव्हते, लघवीही नेहमीसारखी होत होती. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं. मूल नुकतंच भारतातून परतलं असतं, तर डेंग्यूच्या शंकेने ते टाळून पॅरासिटामॉलच बरं. डेंग्यूत आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खोक्यावर तिने पेनाने वेळ टाकली, 2.30. पुढची मात्रा साडेआठच्या आत नाही आणि दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. मूल सुस्त पडलं, पाणीही घेईना, तर 116117 हा दवाखान्याबाहेरच्या वेळेतल्या डॉक्टरांचा नंबर. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा झटका आला तर थेट 112.