'असू शकते' या दोन शब्दांविषयी

आमच्या घरी कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. 'असेल बहुधा' म्हणणारा माणूस आमच्याकडे कच्चा समजला जातो. त्यामुळे पुढेमागे इंग्लंडात शिकायला जाण्याच्या तयारीसाठी जो इंग्रजी निबंध लिहिला, त्यात मी ठासून म्हटले, "आईच्या शिक्षणामुळेच मुली शाळेत टिकतात, हे सिद्ध होते."

सरांनी 'प्रूव्ह्ज' या शब्दाखाली रेघ मारली. "पुरावा काय?" मी गावातली २० घरे पाहिली होती. आई शिकलेल्या १२ घरांपैकी १० घरांतल्या मुली हायस्कुलात होत्या. उरलेल्या ८ पैकी फक्त ३ घरांतल्या. "त्या १२ घरांची शेती बागायती आहे का?" बहुतेकांची होती! मग कारण आईचे शिक्षण की विहिरीचे पाणी, हे माझ्या आकड्यांवरून ठरेना.

मी 'प्रूव्ह्ज' खोडून 'सजेस्ट्स' लिहिले, शिवाय 'परहॅप्स' आणि 'मे'ही घातले. सर हसले, "आता तू काहीच म्हणत नाहीस." एका विधानाला एकच आवर पुरे. शिवाय जे मोजले, तिथे आवर नकोच. १२ पैकी १० म्हणजे १०च. आवर घालायचा तो कारणाला.

शेवटी वाक्य असे झाले : "या २० घरांत शिकलेल्या आईच्या मुली शाळेत अधिक टिकल्या, आईचे शिक्षण हे त्याचे एक कारण असू शकते."

तिथले प्राध्यापक 'मे' शब्दाला भित्रेपणा मानत नाहीत; पुरावा कुठे संपतो हे लिहिणाऱ्याला कळले आहे, असे मानतात.