एक मॅट्रिक्स, सात दिवस : आयगेन मूल्यांची उजळणी

बारावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या पेपरात आयगेन मूल्यांचे प्रश्न दहा निरनिराळ्या प्रकारचे वाटतात. खरे तर त्या सगळ्यांच्या मुळाशी Av = λv हे एकच समीकरण आहे. मॅट्रिक्सने सदिशाला गुणले की सहसा त्याची दिशा बदलते. काही सदिश मात्र आपल्याच रेषेवर राहतात आणि फक्त λ पट होतात. तो λ म्हणजे आयगेन मूल्य आणि तो सदिश म्हणजे आयगेन सदिश.

म्हणून आठवडाभर रोज नवे गणित घेण्यापेक्षा एकच मॅट्रिक्स घ्यावे आणि त्याला रोज नवा प्रश्न विचारावा. कालचे उत्तर आज वापरावे लागते, त्यामुळे कालची चूकही आजच उघडी पडते. आपले मॅट्रिक्स A असे :

```
2  1  1
1  2  1
1  1  2
```

सोमवार : समीकरण आणि मूल्ये

3×3 मॅट्रिक्ससाठी |A − λI| = 0 हा निश्चयक पूर्ण उलगडत बसू नये, त्यात चिन्हे चुकतात. समीकरण थेट लिहावे : λ³ − S₁λ² + S₂λ − S₃ = 0. यात S₁ ही मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज, S₃ हा |A|. S₂ साठी कर्णावरची एकेक संख्या निवडून तिची ओळ व स्तंभ झाकायचा आणि उरलेल्या तीन छोट्या निश्चयकांची बेरीज करायची. इथे S₁ = 6, S₂ = 3 + 3 + 3 = 9, S₃ = 4. समीकरण λ³ − 6λ² + 9λ − 4 = 0. सहगुणकांची बेरीज शून्य आहे, म्हणून 1 हे मूळ नक्की. भागाकार केल्यावर λ² − 5λ + 4 उरते. मूल्ये 4, 1, 1. पडताळा : बेरीज 6 म्हणजे S₁ आणि गुणाकार 4 म्हणजे S₃.

पेपरात यांनाच लेटंट रूट किंवा कॅरॅक्टरिस्टिक रूट म्हटलेले असू शकते. काम तेच.

मंगळवार : सदिश

λ = 4 ठेवल्यावर पहिल्या दोन ओळी −2x + y + z = 0 आणि x − 2y + z = 0 अशा येतात. तिरकस गुणाकाराने x, y, z तिन्ही समान मिळतात, म्हणून सदिश (1, 1, 1).

λ = 1 ला तिन्ही ओळी x + y + z = 0 याच होतात. इथे तिरकस गुणाकार केला तर 0, 0, 0 येते आणि अनेक जण तेच उत्तर म्हणून लिहून मोकळे होतात. शून्य सदिश कधीच आयगेन सदिश नसतो. एकच समीकरण उरले आहे, तेव्हा दोन चले आपल्या मर्जीने घ्यायची : (1, −1, 0) आणि (1, 0, −1). ओळींवर क्रिया करून शेवटी एकही ओळ शून्य झाली नाही, तर λ चुकला आहे. सोमवारच्या पानाकडे परत जावे.

बुधवार : कर्णरूप होते का?

मूल्य 1 दोनदा आले आणि त्याला दोन स्वतंत्र सदिशही मिळाले. एकूण तीन स्वतंत्र सदिश झाले, म्हणून ते स्तंभ म्हणून मांडून P बनवता येतो आणि P⁻¹AP = D. P ला मोडल मॅट्रिक्स म्हणतात. D मधल्या मूल्यांचा क्रम P मधल्या सदिशांच्या क्रमाशी जुळायलाच हवा.

याच्या शेजारी ओळी (3, 1) आणि (−1, 1) असलेले 2×2 मॅट्रिक्स सोडवावे. त्याचे समीकरण (λ − 2)² = 0, पण सदिश एकच : (1, −1). मूळ दोनदा आले तरी सदिश एकच, म्हणून हे मॅट्रिक्स कर्णरूप होत नाही. सगळी मूल्ये वेगळी असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही. शंका फक्त पुनरावृत्त मुळापाशी असते, तिथेच सदिश मोजावेत.

गुरुवार : केली-हॅमिल्टन

प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःचे समीकरण पाळते : A³ − 6A² + 9A − 4I = 0. इथे −4 ला I लावायचे विसरू नये, नाहीतर मॅट्रिक्समधून संख्या वजा केल्यासारखे होते. दोन्ही बाजूंना A⁻¹ ने गुणले की A⁻¹ = (A² − 6A + 9I)/4. A² मध्ये कर्णावर 6 आणि इतरत्र 5 येतात, म्हणून A⁻¹ मध्ये कर्णावर 3/4 आणि इतरत्र −1/4. A शी गुणून I येतो का, ते पाहावे.

याच दिवशी छोटे प्रश्नही उरकतात. A⁻¹ ची मूल्ये 1/4, 1, 1 आणि A² ची 16, 1, 1. सदिश तेच राहतात. शिवाय A² − 5A + 4I सुद्धा शून्यच येते, म्हणून या मॅट्रिक्सची लघुतम बहुपदी λ² − 5λ + 4 आहे.

शुक्रवार : सममित मॅट्रिक्स आणि वर्गरूप

A सममित आहे. त्यामुळे मूल्ये वास्तव असतात आणि वेगवेगळ्या मूल्यांचे सदिश आपोआप लंब असतात. एकाच मूल्याचे सदिश मात्र लंब असतीलच असे नाही. (1, −1, 0) आणि (1, 0, −1) यांचा अदिश गुणाकार 1 येतो. दुसऱ्याऐवजी (1, 1, −2) घेतला की तो बाकी दोघांनाही लंब आहे. मग प्रत्येकाला त्याच्या लांबीने, म्हणजे √3, √2, √6 ने भागायचे. आता P⁻¹ काढावाच लागत नाही, ओळी-स्तंभांची अदलाबदल पुरते.

2x² + 2y² + 2z² + 2xy + 2yz + 2zx हे वर्गरूप म्हणजे हाच A. xy चा सहगुणक 2 असला तरी मॅट्रिक्समध्ये त्याचा निम्मा, म्हणजे 1 लिहायचा. नव्या चलांत ते 4X² + Y² + Z² होते. सगळी मूल्ये धन आहेत, म्हणून वर्गरूप धन-निश्चित.

शनिवार : A च्या पलीकडचे तीन प्रकार

पहिला, संमिश्र मूल्ये. ओळी (0, −1) आणि (1, 0) असतील तर λ = ±i, कारण हे मॅट्रिक्स सदिशाला 90 अंशांनी फिरवते आणि एकही वास्तव सदिश आपल्या रेषेवर उरत नाही.

दुसरा, अवकल समीकरणे. x′ = 4x + y, y′ = 2x + 3y यांची मूल्ये 5 व 2, सदिश (1, 1) व (1, −2). उत्तर c₁e⁵ᵗ(1, 1) + c₂e²ᵗ(1, −2).

तिसरा, सीमा-अटींचा. y″ + λy = 0, y(0) = y(π) = 0. λ ऋण, शून्य आणि धन अशा तिन्ही शक्यता लिहून तपासाव्यात, थेट उत्तर लिहिल्यास गुण जातात. पहिल्या दोन्हींत फक्त y = 0 उरते. धन λ ला sin(√λ π) = 0 हवे, म्हणून λ = n² आणि y = sin nx, n = 1, 2, 3…

रविवार : घड्याळ लावून

वही मिटून आठवड्यातले सगळे प्रश्न एका नव्या 3×3 मॅट्रिक्सवर सलग सोडवावेत. प्रत्येक टप्प्याला त्याचा पडताळा आहे. मूल्यांसाठी बेरीज व गुणाकार, सदिशांसाठी Av = λv, व्यस्तासाठी AA⁻¹ = I आणि कर्णरूपासाठी AP = PD. शेवटच्या पडताळ्यात P⁻¹ लागत नाही, म्हणून वेळ कमी असला तरी तो करता येतो. जिथे पडताळा फसेल, त्या वारचे पान संध्याकाळी पुन्हा काढावे. बाकीची पाने तयार आहेत.