अंतर्गळ व जांघेतील ग्रंथिवृद्धी : श्राव्यातीत ध्वनितपासणीने करावयाचे निदान

जांघेत येणाऱ्या गाठींमध्ये अंतर्गळ (हर्निया) व सुजलेल्या लसीका ग्रंथी या दोन नेहमी आढळणाऱ्या असून त्यांची परस्परांशी गल्लत होण्याचा संभव असतो. उदरभित्तीतील दुर्बल जागेतून आतड्याचा किंवा वपेचा (उदरातील मेदयुक्त पडद्याचा) भाग पर्युदराच्या पिशवीसह बाहेर येणे म्हणजे अंतर्गळ. याउलट लसीका ग्रंथींचा उदरपोकळीशी संबंध नसतो. पाय, ढुंगण व बाह्य जननेंद्रिये यांच्याकडून येणारी लसीका त्या गाळतात आणि त्या भागात जखम वा संसर्ग झाल्यास सुजतात. यालाच व्यवहारात अवधाण येणे म्हणतात.

नेहमीचा अंतर्गळ हाताने तपासूनही ओळखता येतो. तो उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगतो, आडवे झाल्यावर आत जातो व पुष्कळदा दाबल्यास गुरगुरतो. सुजलेली ग्रंथी मात्र आडवे झाल्याने नाहीशी होत नाही. ती बहुधा दुखरी असते, शेजारी तशाच आणखी गाठी लागतात आणि शोध घेतल्यास पायावर जखम सापडते. खरी अडचण येते ती ऊर्वीय अंतर्गळाच्या बाबतीत. हा अंतर्गळ मांडीच्या मोठ्या नीलेच्या आतील बाजूस असलेल्या अरुंद ऊर्वीय नालातून उतरतो. त्याच नालात एक लसीका ग्रंथीही असते. फ्रेंच शारीरविज्ञ झ्यूल क्लोके (१७९०–१८८३) यांच्या नावाने ती ओळखली जाते. नालाचे तोंड अरुंद व ताठर असल्याने आत शिरलेले आतडे तेथे आवळले जाते. मग गाठ खोकल्याने हलत नाही, दाबून आत जात नाही आणि बोटांना ती हुबेहूब ग्रंथीसारखी लागते.

अशा वेळी श्राव्यातीत ध्वनितपासणी (सोनोग्राफी) निर्णायक ठरू शकते. उच्च कंप्रतेचा शोधक जांघेवर टेकवला असता निरोगी किंवा साध्या संसर्गाने सुजलेली लसीका ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते. तिची कड काळसर, मध्य पांढुरका आणि रक्तवाहिन्या मध्यातून आत शिरणाऱ्या असतात. आतड्याची भित्ती थराथरांची दिसते. आत द्रव अथवा वायूचे चमकणारे ठिपके असतात आणि आतडे निरोगी असल्यास त्याची क्रमसंकोची हालचाल पडद्यावर प्रत्यक्ष पाहता येते. रुग्णास कुंथावयास सांगितले म्हणजे आतडे भित्तीतील छिद्रातून पुढे सरकते. ग्रंथी सभोवतालच्या ऊतकांबरोबर किंचित हलते इतकेच. गाठीचा मागोवा घेत वर गेल्यास अंतर्गळाची मान उदरपोकळीत पोहोचलेली दिसते. ग्रंथीला अशी मान नसते.

उदाहरणादाखल सत्तरीतील एका कृश स्त्रीची कल्पना करावी. उजव्या टाचेची भेग चिघळलेली, त्याच बाजूच्या जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ आणि दोन दिवस पोटात कळा व वांत्या. भेगेमुळे अवधाण आले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. तपासणीत दोन ग्रंथी खरोखरच थोड्या सुजलेल्या दिसतात. परंतु त्यांचा पांढुरका मध्य शाबूत असतो व त्या हाताला लागलेल्या गाठीच्या बाहेरील बाजूस असतात. मूळ गाठीत मात्र जाड भित्तीचा आतड्याचा वेढा असून त्याभोवती द्रव साचलेला असतो. हालचाल थांबलेली असते आणि भित्तीत रक्तप्रवाह दिसत नाही. पोटातील लहान आतड्याची वेटोळी ३ सेंमी.हून अधिक फुगलेली असतात. म्हणजे अवधाण होतेच, पण वांत्यांचे कारण गळफास बसलेला अंतर्गळ हे होते. अशा रुग्णावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. आवळलेले तोंड मोकळे केल्यावर आतड्याचा रंग व हालचाल परत आली, तर ते उदरात ढकलतात. न आल्यास तेवढा भाग कापून टोके जोडतात.

वांत्या नाहीत म्हणून मात्र निर्धास्त राहता येत नाही. काही वेळा आतड्याच्या भित्तीचा केवळ एक भागच छिद्रात अडकतो. तेव्हा आतड्याचा मार्ग खुला राहतो, शौचास होते आणि अडकलेला भाग तेवढ्यात मरू शकतो.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. रुग्णास केवळ आडवे ठेवून पाहिल्यास आत गेलेला अंतर्गळ निसटतो. म्हणून उभे करून व कुंथावयास लावून पुन्हा पाहावे लागते. पिशवीत फक्त वपा असल्यास ती साध्या मेदगाठीसारखी भासते. रक्तप्रवाह न दिसणे हे लहान वेढ्यात तंत्राच्या दोषामुळेही घडते, तर प्रवाह दिसला म्हणून गळफास नाही असे ठरत नाही. शंका उरल्यास संगणकीय छेदचित्रण (सीटी) करतात. मात्र लक्षणे स्पष्ट असतील, तर चित्रणासाठी शस्त्रक्रिया लांबवीत नाहीत. उलटपक्षी, ग्रंथी गोल, कठीण व पांढुरका मध्य हरवलेली दिसल्यास क्षयरोग, लसीका ऊतकाचा कर्करोग किंवा अन्यत्र झालेल्या कर्करोगाचा प्रसार यांचा विचार करून सुईने ऊतक काढून तपासतात. ही सुई घालण्यापूर्वी गाठीत आतडे नाही, याची खात्री चित्रणाने करून घ्यावी लागते. कारण ग्रंथी किंवा गळू समजून टोचलेल्या वा चिरलेल्या अंतर्गळातून आतड्यातील मळ बाहेर येतो.