लॅपटॉप मिटला तरी भाडं चालूच

अंतिम वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला पानांच्या फोटोंवरून पिकाचा रोग ओळखणारा प्रकल्प करायचा आहे, असं धरू. घरच्या लॅपटॉपला ते झेपत नाही, म्हणून ती ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेवर ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन भाड्याने घेते. `g4dn.xlarge` हे त्या मशीनचं नाव. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात त्याचा दर तासाला 0.526 डॉलर आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम सुरू होतं, नऊला संपतं, खर्च जेमतेम दीड डॉलर. ती ब्राउझर बंद करते, लॅपटॉप मिटते आणि जेवायला बसते.

मशीन मात्र व्हर्जिनियात चालूच आहे. त्याच्याकडून कुणी काम करून घेतंय की ते नुसतं बसून आहे, याच्याशी भाड्याचा काही संबंध नसतो. दिवसाला साडेबारा डॉलरच्या थोडं वर, तीस दिवसांत सुमारे 379 डॉलर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर हे बत्तीस हजार होतात, कर वेगळाच.

तिने बजेट लावलेलं आहे: महिन्याला 10 डॉलर, आणि 80 टक्के खर्च झाला की ईमेल. मग काळजी कसली? काळजी अशी की एडब्ल्यूएसकडचा खर्चाचा हिशेब क्षणोक्षणी पुढे सरकत नाही. बजेटची माहिती साधारण आठ ते बारा तासांनी ताजी होते. म्हणजे आठ डॉलर शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास संपतात आणि ईमेल येतो संध्याकाळी किंवा रात्री. तोवर चौदा-साडेचौदा डॉलर गेलेले असतात. शिवाय हे बजेट फक्त कळवतं, काहीही बंद करत नाही. ईमेल सोमवारी उघडला, तर पैसे सोमवारपर्यंत जातच राहतात.

म्हणून इशाऱ्याची रेघ ठरवताना उशिराचे पैसे आधी वजा करायला हवेत. बारा तासांत हे मशीन सव्वासहा डॉलर खातं. दहा डॉलरच्या वर जायचंच नसेल, तर पहिला इशारा तीन डॉलरवर हवा, आणि तो रोज उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर हवा. महिनाअखेरचा खर्च आधीच सांगणारा अंदाजाचा इशाराही असतो, पण त्यासाठी सुमारे पाच आठवड्यांचा जुना वापर लागतो. नव्या खात्यात तो मुळात नसतोच.

यापेक्षाही फसवी जागा आहे ती क्रेडिटची. समजा, तिच्या खात्यात 100 डॉलरचं क्रेडिट जमा आहे. बजेट तयार करताना क्रेडिट वगळलं नाही, तर ते वजा जाऊन खर्च शून्यच दिसत राहतो. जवळजवळ आठ दिवस कुठलाच इशारा येत नाही. तो येतो तेव्हा क्रेडिट संपलेलं असतं आणि खर्च कार्डावर पडू लागलेला असतो. बजेटच्या प्रगत पर्यायांत खर्चाचे प्रकार निवडता येतात, तिथे क्रेडिटवरची खूण काढून टाकायची. हे एक मिनिटाचं काम मला बाकी सगळ्या सेटिंगपेक्षा मोलाचं वाटतं.

मर्यादा ओलांडली की मशीन आपोआप थांबवण्याची सोयही बजेटमध्ये आहे. पण तीही त्याच उशिराच्या हिशेबावर चालते, आणि कोणतं मशीन थांबवायचं ते आधी निवडून ठेवावं लागतं. नवं मशीन उभं केलं की ते पुन्हा जोडायला हवं. त्यापेक्षा खरा ब्रेक मशीनलाच लावावा. लिनक्स मशीनवर कामाला बसताना पहिली आज्ञा ही द्यायची:

```
sudo shutdown -h +180
```

तीन तासांनी मशीन स्वतःहून बंद होतं, मग लॅपटॉप उघडा असो की मिटलेला. काम लांबलं, तर `sudo shutdown -c` ने ती आज्ञा रद्द करून नवी वेळ द्यायची.

विसरलेलं मशीन शोधतानाही एक अडचण येते. मशीनची यादी एका वेळी एकाच विभागाची दिसते. मुंबई विभाग निवडलेला असेल, तर तिथे काहीच चालू नसतं, आणि व्हर्जिनियातलं मशीन दिसतही नाही. म्हणून आधी `Cost Explorer` मध्ये खर्च विभागवार पाहायचा आणि जिथे आकडा दिसेल तिथे जायचं.

तिथे पोचल्यावर `Stop` दाबलं की तासाचं भाडं थांबतं, पण डिस्क राहते. 100 जीबीच्या साध्या `gp3` डिस्कचे व्हर्जिनियात महिन्याला आठ डॉलर लागतात. राखून ठेवलेल्या सार्वजनिक आयपी पत्त्याचं तासाला अर्धा सेंट सुरूच राहतं. डेटाबेस सेवा थांबवली असेल, तर ती सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होते. प्रकल्प संपलाच असेल, तर निकालाच्या फायली उतरवून घ्याव्यात, `Terminate` करावं आणि मागे डिस्क किंवा पत्ता उरला नाही ना, ते त्याच विभागात तपासावं. मोठं बिल आलंच, तर हे सगळं आधी बंद करून मग सपोर्ट सेंटरमधून बिलिंगची तक्रार नोंदवायची. ती नोंदवायला पैसे पडत नाहीत. रक्कम माफ होईलच असं नाही, पण काय चुकलं आणि काय बंद केलं हे तारखांसकट लिहिलेलं बरं.