जुन्या फ्लॅटचा फ्लोअर प्लॅन हाताने काढताना

जुना फ्लॅट विकायला काढला की जाहिरातीत फोटोंबरोबर फ्लोअर प्लॅनही हवा असतो, आणि नेमका तोच घरात नसतो. बिल्डरने दिलेले कागद गहाळ झालेले असतात. महापालिकेचा मंजूर नकाशा मिळवायला वेळ लागतो, आणि तो मिळाला तरी पाडलेली भिंत किंवा बंद केलेली बाल्कनी त्यात दिसत नाही. जाहिरातीपुरता आराखडा मात्र टेप, आलेखाचा कागद आणि पेन्सिल एवढ्यावर नीट काढता येतो. तो बांधकामासाठी किंवा कायदेशीर कामासाठी चालत नाही. घेणाऱ्याला घराची मांडणी कळावी आणि आपला पलंग, कपाट, फ्रीज कुठे बसेल याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी तो पुरतो.

मोजमापाआधी सगळ्या घरातून एक फेरी मारून कच्चे रेखाटन करावे. त्यात प्रमाण सांभाळायची गरज नाही. कोणत्या खोलीला कोणती लागून आहे, दारे-खिडक्या कुठे आहेत आणि खांब कुठे पुढे आला आहे, हे त्यात आले की झाले. मापे याच कागदावर लिहायची असल्याने रेखाटन मोठे असावे. मोजणी मीटर-सेंटिमीटरमध्ये केलेली बरी. फूट-इंचांच्या बेरजेत हमखास चुका होतात.

खोलीची लांबी-रुंदी प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजतात. स्कर्टिंगची फरशी भिंतीच्या थोडी पुढे आलेली असते, म्हणून टेप तिच्या वर धरावी. लांब अंतराला टेप मध्ये झुकली की माप जास्त येते, तेव्हा दुसरे टोक कुणीतरी ताणून धरलेले चांगले. लेझर मीटर असेल तर उपकरण आपल्या मागच्या कडेपासून मोजते की पुढच्या, ते आधी पाहून घ्यावे. किरण पडद्यावर किंवा कपाटावर पडला तर भिंतीचे माप मिळत नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही घ्यावेत. 3.05 गुणिले 4.60 मीटरचा हॉल काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण 5.52 मीटरच्या आसपास येतात. त्यांत मोठी तफावत आली तर खोली तिरकी आहे किंवा माप चुकले आहे.

नवख्या माणसाकडून बहुतेकदा राहते ती भिंतीची जाडी. खोल्यांची आतली मापे बरोबर असली तरी भिंती धरल्याशिवाय त्या कागदावर एकमेकींना जुळत नाहीत. जाडी मोजायची जागा म्हणजे दाराची किंवा पॅसेजची मोकळी बाजू. चौकट भिंतीपेक्षा जाड किंवा पातळ असू शकते, म्हणून चौकट सोडून दोन्ही बाजूंच्या प्लास्टरमधले अंतर घ्यावे. चार इंची विटेच्या आतल्या भिंतीची जाडी प्लास्टरसह साधारण 12 ते 13 सेंटिमीटर भरते.

मग बेरजेची पडताळणी. उदाहरणादाखल एक वन बीएचके घेऊ. डाव्या बाजूला 4.60 मीटर खोल हॉल, मग 13 सेंटिमीटरची भिंत आणि 2.45 मीटरचे स्वयंपाकघर: एकूण 7.18 मीटर. उजव्या बाजूला 3.60 मीटरची बेडरूम, भिंत, 87 सेंटिमीटरचा पॅसेज, पुन्हा भिंत आणि शेवटी 2 मीटर खोल बाथरूम-संडास: एकूण 6.73 मीटर. बाहेरून पाहिले तर इमारतीची पुढची आणि मागची, दोन्ही भिंती सरळ आहेत, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या भरायला हव्यात. मग 45 सेंटिमीटर गेले कुठे? बाथरूमचा झरोका उघडला की उत्तर दिसते. मागे नळांचा डक्ट आहे. ही पडताळणी केली नाही तर काढणारा बाथरूम ताणून आराखडा जुळवतो आणि अस्तित्वात नसलेली जागा घरात दाखवून बसतो.

याच घरातल्या हॉलला 1.05 मीटर खोल बाल्कनी आहे. ती सरकत्या खिडक्या लावून बंद केली आहे, मधली भिंत काढली आहे आणि फरशीही एकसारखी घातली आहे. पाहणाऱ्याला हॉल 5.65 मीटरपेक्षा लांब वाटतो. मूळ भिंत कुठे होती ते छत सांगते. तिथे बीम खाली आलेला असतो, आणि त्यापुढचा स्लॅब पुष्कळदा थोडा खाली असतो. आराखड्यात बीमची रेघ तुटक दाखवावी आणि पुढच्या भागावर ‘बंद केलेली बाल्कनी’ असे स्पष्ट लिहावे. हॉलमध्ये ती मिसळली तर घेणाऱ्याची सरळ फसवणूक होते.

पक्के चित्र 1:50 प्रमाणात काढले, म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर प्रत्यक्षातला अर्धा मीटर धरला, तर हा फ्लॅट ए-फोर कागदावर सहज मावतो. आधी बाहेरची चौकट काढावी, मग आतल्या भिंती जाड काळ्या भराव्यात. दार उघडते त्या बाजूला पाव वर्तुळ काढावे. दारामागे कपाट बसेल का, ते त्यावरूनच कळते. खिडकीला दोन बारीक समांतर रेघा पुरतात. स्वयंपाकघरातला ओटा आणि सिंक दाखवावे. फोनच्या पडद्यावर चित्र लहान-मोठे होते आणि ‘1:50’ला अर्थ उरत नाही, म्हणून कोपऱ्यात एक मीटरची पट्टी काढून ठेवावी. उत्तर दिशेचा बाणही हवा, कारण मुख्य दार कुठल्या दिशेला आहे हा प्रश्न येतोच. फोनमधले होकायंत्र लोखंडी ग्रिल आणि स्लॅबमधल्या सळ्यांमुळे फसते. उपग्रह नकाशावर इमारत पाहून दिशा ठरवणे जास्त खात्रीचे.

खोलीच्या मध्यभागी नाव आणि त्याखाली माप लिहितात. इथे मापे फुटांत दिलेली बरी, कारण ग्राहक फुटांत विचार करतो. 3.60 मीटर म्हणजे 11 फूट 10 इंच. ते ‘11.10’ असे लिहिले की कुणीतरी 10 ने गुणून 111 चौरस फूट काढतो. प्रत्यक्षात 10 फूट रुंदीची ही बेडरूम 118 चौरस फुटांची आहे. म्हणून फूट आणि इंच नेहमी वेगळे लिहावेत.

एकूण क्षेत्रफळ काढताना कार्पेट म्हणजे काय ते पक्के असावे. 2016 च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली जाते. नुसत्या खोल्यांची बेरीज केली तर हा फ्लॅट 441 चौरस फूट भरतो. आतल्या भिंती धरल्या की 43.36 चौरस मीटर, म्हणजे 467 चौरस फूट होतो. बंद केलेल्या बाल्कनीचे 34 चौरस फूट वेगळे लिहायचे. खरेदीखतात याहून मोठा आकडा असेल तर तो बिल्टअप असू शकतो. तिथे कोणते क्षेत्र नोंदले आहे ते वाचून दोन्ही आकडे आपापल्या नावानिशी द्यावेत.

शेवटी चित्राखाली मोजणीची तारीख, मजला आणि एक ओळ लिहावी: ‘मापे प्रत्यक्ष मोजणीनुसार, अंदाजे, मंजूर नकाशा नव्हे.’ कागदाचा फोटो तिरका घेतला तर काटकोन बिघडतात, त्यामुळे तो स्कॅन करूनच जाहिरातीत टाकावा.