केक गेला, बाकी राहिली

घरून केक करून विकणाऱ्या बाईची ऑर्डर एका जागी कधीच नसते. चव आणि वजन व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं, केकवर काय लिहायचं ते फोनवर कळतं, अ‍ॅडव्हान्स जीपेवर येतो, आणि आयत्या वेळचा 'अर्धा किलो वाढवा हं' हा निरोप ग्राहकाची जाऊ जिन्यात भेटते तेव्हा मिळतो. आठवड्याला दोन-तीन केक असतात तोवर हे सगळं डोक्यात राहतं. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्यातले वाढदिवस सुरू झाले की राहत नाही. मग वही येते. वहीत नाव, तारीख आणि पुढे 'बाकी ५००' असं लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते पैसे बुडायला सुरुवात या 'बाकी'पाशीच होते.

एक ऑर्डर उदाहरणाला घेऊ. मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी दीड किलोचा बटरस्कॉच केक, किलोला ९०० रुपये दराने १३५० रुपये. बारा कपकेक, ५० रुपयांचा एक, म्हणजे ६००. नावाचा टॉपर १५० आणि घरपोच देण्याचे १००. एकूण २२०० झाले. ग्राहकाने १००० रुपये अ‍ॅडव्हान्स पाठवला, वहीत 'बाकी १२००' लिहिलं गेलं. तीन दिवसांनी पाहुणे वाढले म्हणून केक दोन किलोचा करायला सांगितला. आणखी दोन दिवसांनी ग्राहकाने ७०० रुपये पाठवले. बेकरताईंनी १२०० खोडून ५०० लिहिले. केक दोन किलोचा गेला, ग्राहकाने विचारलं, 'ताई, किती द्यायचे?' वहीत पाहून उत्तर मिळालं, 'पाचशे.' खरी बाकी ९५० होती. वाढलेल्या अर्ध्या किलोचे ४५० रुपये कुणीही न फसवता गेले.

चूक बेरजेची नव्हती. बाकी ही दोन गोष्टींवर अवलंबून असते, मालाची किंमत आणि आलेले पैसे. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी बदलतात. जो आकडा दोन बाजूंनी हलतो तो हाताने लिहून ठेवला की कधीतरी मागे पडणारच. म्हणून ऑर्डरचा हिशोब गूगल शीटमध्ये ठेवायचा असेल, तर माझा पहिला आणि सर्वांत कडक नियम असा आहे: बाकीच्या रकान्यात कधीही काही टाइप करायचं नाही. तिथे फक्त सूत्र असतं.

त्यासाठी एकाच फाइलमध्ये तीन पानं लागतात. पहिलं पान 'ऑर्डर'. त्यात एका ऑर्डरला एक ओळ आणि रकाने या क्रमाने: A क्रमांक, B ग्राहक, C फोन, D द्यायची तारीख, E वेळ, F एकूण, G जमा, H बाकी, I स्थिती, J टीप. केकवरचा मजकूर, एगलेस आहे का, सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे टिपेत. दुसरं पान 'वस्तू'. त्यात प्रत्येक पदार्थाला वेगळी ओळ: ऑर्डर क्रमांक, पदार्थ, नग किंवा किलो, दर आणि रक्कम. आपल्या उदाहरणात केक, कपकेक, टॉपर आणि पोचवणावळ अशा चार ओळी होतील, चौघींवर एकच क्रमांक, समजा १०१. तिसरं पान 'जमा'. पैसे आले की तारीख, ऑर्डर क्रमांक, रक्कम, आणि रोख की यूपीआय. दुसऱ्यांदा पैसे आले तर जुना आकडा बदलायचा नाही, खाली नवी ओळ घालायची.

'वस्तू'च्या पानावर रक्कम म्हणजे नग गुणिले दर, `=C2*D2`. 'ऑर्डर'च्या पानावर दुसऱ्या ओळीत F, G आणि H या रकान्यांत अनुक्रमे ही तीन सूत्रं लिहून खाली ओढून घ्यावीत:

```
=SUMIFS('वस्तू'!E:E,'वस्तू'!A:A,A2)
=SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!B:B,A2)
=F2-G2
```

पहिलं सूत्र १०१ क्रमांकाच्या सगळ्या वस्तूंची बेरीज करतं, दुसरं त्याच क्रमांकावर आलेल्या सगळ्या पैशांची, तिसरं वजाबाकी. आता केक दोन किलोचा झाला की फक्त 'वस्तू'मधले १.५ बदलून २ करायचे. एकूण २६५० होतं. सातशे आले की 'जमा'मध्ये एक ओळ वाढते, जमा १७०० होते आणि बाकी ९५० दिसते. कोणती गोष्ट आधी घडली याने काही फरक पडत नाही. शिवाय ग्राहक म्हणाला, 'मी दोनदा पैसे पाठवले होते', तर दोन्ही तारखा समोर असतात.

आता स्थितीचा रकाना. त्यात मनाला येईल ते लिहू नये, कारण 'दिला', 'दिली', 'पाठवलं' हे तिन्ही शीटच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत. `Insert` मधल्या `Dropdown` ने चारच शब्द ठरवून टाकावेत: विचारणा, पक्की, दिली, रद्द. अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय 'पक्की' करायची नाही. फाँडंटचा, नाव-फोटो असलेला केक दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून तिथे निम्मी रक्कम आधी मागणं योग्यच आहे, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

या चार शब्दांत 'पैसे मिळाले' हा शब्द नाही, हे लक्षात आलं असेल. तो मुद्दामच नाही. स्थिती केकची असते, पैशांची नसते. पुष्कळ जणी 'पूर्ण' असा एकच शेरा ठेवतात, आणि केक घराबाहेर पडला की ऑर्डर पूर्ण झाली असं धरतात. पण केक न्यायला बऱ्याचदा मेहुणा, ड्रायव्हर किंवा रिक्षावाला येतो. 'ताई जीपे करतील' असं म्हणून डबा घेऊन जातो. घरी वाढदिवसाची गडबड, इकडे पुढच्या केकचं क्रीम फेटायला घेतलेलं. 'पूर्ण' लिहिलेल्या ओळीकडे मग कुणी परत पाहत नाही. केक देणं आणि पैसे येणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की अशा ऑर्डर्स आपोआप वर काढता येतात. 'वसुली' नावाचं चौथं पान करून त्याच्या पहिल्या चौकटीत एवढंच लिहायचं:

```
=FILTER('ऑर्डर'!A2:J,'ऑर्डर'!I2:I="दिली",'ऑर्डर'!H2:H>0)
```

ज्यांचा केक गेला पण बाकी शून्यावर आलेली नाही, तेवढेच ग्राहक फोन नंबरासकट इथे दिसतात. पैसे 'जमा'मध्ये नोंदले की नाव स्वतःहून निघून जातं. कुणाचंच देणं उरलं नाही तर या चौकटीत `#N/A` असं दिसतं. ते पाहून घाबरू नये, यादीत कुणी नाही एवढाच त्याचा अर्थ.

तारखेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैशांची चूक नंतर भरून काढता येते, तारखेची येत नाही. आपल्याकडे केक रात्री बारा वाजता कापतात. ग्राहक सांगतो, 'पंधरा तारखेला वाढदिवस आहे, बाराला कापायचाय.' हा केक चौदाच्या संध्याकाळी द्यायचा असतो. म्हणून रकान्याचं नाव 'वाढदिवस' नको, 'द्यायची तारीख' हवं, आणि शेजारी वेळ हवीच. ऑर्डर पक्की करतानाच ग्राहकाला वार घालून मेसेज करावा: 'शनिवार, १४ तारीख, संध्याकाळी ७ वाजता केक तयार असेल.' वार लिहिला की घोळ असेल तर ग्राहकालाच लगेच खटकतो.

शिवाय द्यायची तारीख ही कामाची तारीख नसते. साधा क्रीमचा केक असेल तर स्पंज आदल्या दिवशी भाजून गार करून ठेवतात. फाँडंटचे प्राणी, फुलं, अक्षरं दोन-तीन दिवस आधी करावी लागतात, नाहीतर ती सुकून कडक होत नाहीत आणि केकवर उभी करताच कलतात. म्हणून 'कामं' नावाच्या पानावर पुढच्या तीन दिवसांत जाणाऱ्या पक्क्या ऑर्डर्स, तारखेच्या क्रमाने:

```
=SORT(FILTER('ऑर्डर'!A2:J,'ऑर्डर'!I2:I="पक्की",'ऑर्डर'!D2:D<=TODAY()+3),4,TRUE)
```

हे पान रोज सकाळी फोनवर उघडायचं. नवी ऑर्डर घेण्याआधी मात्र 'ऑर्डर'च्या पानावर त्या तारखेला आधीच किती केक आहेत ते पाहायचं. घरच्या ओटीजीपेक्षा बहुधा फ्रिज आधी भरतो. क्रीमचे चार डबे ठेवायला जागा नसेल तर पाचव्या ऑर्डरला 'नाही' म्हणणंच बरं.

ही सगळी यंत्रणा दोन ठिकाणी हमखास दगा देते, आणि दोन्ही वेळा आवाज न करता. रकमेच्या चौकटीत कुणी सवयीने '1000/-' किंवा '1000 आले' लिहिलं, तर शीट ते आकडा न धरता मजकूर धरते आणि SUMIFS ते बेरजेत घेतच नाही. चूक असल्याचा कुठलाही इशारा येत नाही, जमेत शून्य दिसतं आणि आपण पैसे दिलेल्या माणसाला पुन्हा अ‍ॅडव्हान्स मागतो. तारखेचंही तसंच. फाइलची भाषा-जागा अमेरिकेची असेल तर 05/06 म्हणजे पाच जून न होता सहा मे होतो, आणि 25/06 तर तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. अशी ऑर्डर 'कामं'च्या यादीत येत नाही, आणि यादीत नाही म्हणून तो केक होतही नाही. उपाय एकदाच करायचा आहे: संगणकावर `File`, `Settings` मध्ये जाऊन `Locale` पुढे `India` निवडायचं. ओळखण्याची खूणही सोपी आहे. खरा आकडा आणि खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकून बसतात, मजकूर डावीकडे सरकतो. आकडे इंग्रजी अंकांतच भरावेत, रुपयाचं चिन्ह किंवा शब्द न जोडता.

रद्द झालेल्या ऑर्डरची ओळ पुसू नये. ५०० रुपये परत दिले तर 'जमा'मध्ये त्याच क्रमांकावर -500 अशी ओळ घालायची आणि वस्तूंचे नग शून्य करायचे. सामान आणून झालं म्हणून अ‍ॅडव्हान्स ठेवून घेतला असेल, तर नग शून्य करून 'वस्तू'मध्ये 'रद्द शुल्क' म्हणून तेवढी रक्कम लिहायची. दोन्ही प्रकारांत बाकी शून्य होते आणि पैशांचं काय झालं ते वर्षभराने पाहिलं तरी कळतं.

या शीटमधून नफा कळत नाही. लोणी, क्रीम, डबे, गॅस-वीज आणि तुमचा वेळ यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो, आणि तो इथेच घुसवला तर रोज भरायचा कंटाळा येऊन महिन्याभरात दोन्ही सुटतात. जुनी वही उतरवून काढण्याच्याही फंदात पडू नका. ज्या ऑर्डर्स अजून जायच्या आहेत आणि ज्यांचे पैसे यायचे आहेत, तेवढ्याच आज भरा. आणि सुरुवात ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांच्यापासून करा.