वाटी म्हणजे ‘कूब’ नव्हे

आजीच्या हातची आमटीची चिठ्ठी दुबई-मस्कतमधल्या अरबी शेजारणीला द्यायची ठरते, आणि भाषांतर करणारा पहिल्याच ओळीत ‘वाटी’च्या जागी ‘कूब’ म्हणजे कप लिहून मोकळा होतो. हटकलं तर ठरलेलं उत्तर येतं: ‘माप कुठलंही घ्या, प्रमाण तर तेच राहतं ना!’ हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा हिशेबच मांडायला हवा.

चिठ्ठीत सगळे जिन्नस वाटीनेच मोजलेले असते, तर हे म्हणणं खरं ठरलं असतं. पण आमटीची चिठ्ठी अशी असते: १ वाटी तूरडाळ, ३ वाट्या पाणी, लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, १ चमचा गोडा मसाला, १ पळी तेल. यात वाटीने मोजलेले जिन्नस दोनच. घरातली आमटीची वाटी १५० मिलिलीटरची धरू. अरबी पाककृतींतला कूब साधारण २४० ते २५० मिलिलीटरचा असतो. म्हणजे डाळ आणि पाणी दीडपटीहून जास्त झालं. चिंच, गूळ, मसाला मात्र होता तेवढाच राहिला. आमटी मिळमिळीत होते, आणि दोष आजीच्या चिठ्ठीला लागतो.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघरी नेलं. ते चाललं, कारण वाचणारीच्या हाताशी साधारण तशीच वाटी होती. अरबी घरात ती नसते. म्हणून ज्या घरची चिठ्ठी, त्या घरची वाटी शोधा, काठोकाठ पाणी भरा आणि तेवढंच पाणी काट्यावर तोला. जितके ग्रॅम, तितके मिलिलीटर. पळीचंही तसंच करा. मग अरबीत ‘१५० मिलिलीटर, सुमारे १२५ ग्रॅम डाळ’ असं लिहा.

‘लिंबाएवढी चिंच’ तर शब्दशः नेऊच नका. आपलं कागदी लिंबू लहान. सीरियात ‘लैमून’ म्हटलं की मोठं पिवळं लिंबू डोळ्यांपुढे येतं. चिंच दुप्पट पडेल. ‘तमर हिंदी’ त्यांच्या ओळखीची आहे, रमजानात तिचं सरबत होतं. फक्त वजन ग्रॅममध्ये द्या. चमच्याचंही स्पष्ट सांगा. आजीचा मसाल्याचा चमचा बहुधा चहाचा असतो, म्हणजे ‘मिलअका सगीरा’, सुमारे ५ मिलिलीटर. नुसतं ‘मिलअका’ लिहिलं तर वाचणारी मोठा, १५ मिलिलीटरचा चमचा घेऊ शकते.

दुसरा हट्टी गैरसमज फोडणीचा. कुणी म्हणतं, अरबीत फोडणी नाहीच. कुणी म्हणतं, ‘तकलिया’ लिहा, झालं काम. दोन्ही चूक. इजिप्तमध्ये मुलुखियावर जी तकलिया घालतात, ती तुपात परतलेल्या लसूण-धण्यांची, आणि ती शेवटी पडते. नुसता तो शब्द दिला तर वाचणारी लसूण-धणेच घालेल. आपल्या आमटीत फोडणी आधी होते आणि घोटलेली डाळ तिच्यात ओतली जाते. म्हणून कृती पायरीपायरीने लिहा: तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, आच कमी करून हळद-हिंग घाला, हळद करपायच्या आत डाळ ओता. ‘तडतडणे’ गाळलंत तर कच्ची, कडू मोहरी आमटीत येईल.

क्रियापदांत ‘कला’ हे एकच सगळीकडे चालतं, असंही समजू नका. ते तळण्याचं आहे. गोड्या मसाल्यासाठी खोबरं-तीळ कोरडे भाजायचे तर ‘हम्मसा’. कांदा थोड्या तेलावर परतायचा तर ‘शव्वहा’. भाजण्याला ‘शवा’ लिहिलंत तर वाचणारी निखारे किंवा ग्रिल पेटवेल.

आता उरलेले गैरसमज.

‘डाळ म्हणजे अदस.’ नाही. अदस म्हणजे मसूर. ती लवकर शिजते आणि चवही वेगळी. ‘तूर’ असंच लिहा.

‘आकडे जसेच्या तसे उतरवले तरी चालतात.’ नाही. आखातात आणि इजिप्तमध्ये चालणाऱ्या अरबी आकड्यांतला पाच आपल्या शून्यासारखा वाटोळा दिसतो. चिठ्ठीतली १० मिनिटं तिकडे १५ वाचली जातील.

‘पाऊण अरबीत सांगता येत नाही.’ येतं. ‘कूब इल्ला रुब्अ’, म्हणजे पाव कमी एक कप, हा अगदी पाऊणच.

‘जुनं रतल वापरलं की घरगुती वाटेल.’ वाटेल, पण कुठलं रतल? इजिप्तचं साडेचारशे ग्रॅमच्या आत, लेबनॉनचं अडीच किलोच्या वर.

भाषांतर पुरं झालं की मूळ चिठ्ठी बाजूला ठेवा आणि फक्त अरबी मजकुरावरून, त्यात लिहिलेल्या मापांनी, एकदा आमटी करा. आंबट-गोड फसलं तर चिंच-गुळाची वजनं पुन्हा पाहा. फार दाट किंवा पातळ झाली, तर वाटी पुन्हा मोजा.